काजव्यांच्या पोस्टरला धार कुणी लावायची?

मे महिना सरत आला की अकोले तालुक्यात भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या भागात काजवे दिसू लागतात. पाऊस जोर धरेपर्यंत, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापर्यंत, अंधार पडला की हिरडा-बेहडा-जांभळाची झाडे लुकलुकत असतात. त्याच दिवसांत काजव्यांची छायाचित्रेही मोठी होऊन भिंतींवर चढतात. कुणाच्या हॉटेलच्या दर्शनी भागात तीन फुटी पोस्टर लागते, कुणाचा बारा फुटी फ्लेक्स रस्त्याकडेला उभा राहतो. यातली बहुतेक छायाचित्रे एका क्लिकची नसतात. तिपाईवर कॅमेरा न हलवता ठेवून वीस-तीस सेकंदांच्या डझनावारी फ्रेम घेतल्या जातात आणि संगणकावर त्या एकावर एक रचल्या जातात. असे रचलेले, म्हणजे कॉम्पोझिट, चित्र छपाईला जाते तेव्हा छायाचित्रकार आणि प्रेस यांच्यात एक जुना वाद नव्याने उभा राहतो. मोठ्या आकारासाठी शेवटचे शार्पनिंग कुणी करायचे आणि कोणत्या टप्प्यावर?

वाद किरकोळ वाटेल. मात्र पोस्टर बिघडले की दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवले जाते आणि दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखे खरोखर काही असते. म्हणून दोघांचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे.

आधी शार्पनिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. त्यातून चित्रात नवा तपशील येत नाही. जिथे उजेड आणि अंधार एकमेकांना भिडतात, तिथे उजळ बाजू किंचित आणखी उजळ आणि काळी बाजू किंचित आणखी काळी केली जाते. डोळ्याला ती कड ठसठशीत वाटते. फोटोशॉपमधल्या अनशार्प मास्कचे नाव डार्करूमच्या काळातले आहे. तेव्हा निगेटिव्हवर तिचीच एक धूसर पॉझिटिव्ह प्रत ठेवून छपाई करत आणि त्यातून कडा उठून येत. आजच्या साधनात तीन आकडे असतात. जोर किती, कडेपासून किती पिक्सेलपर्यंत, आणि किती फरकाच्या पुढे. यातला दुसरा आकडा, म्हणजे त्रिज्या, छपाईच्या आकाराशी बांधलेला आहे आणि वादाचे मूळ त्यातच आहे. पडद्यावर दोन पिक्सेलची असलेली पांढरी रेघ कागदावर किती मिलिमीटरची होणार, हे चित्र किती मोठे छापले जाते त्यावर ठरते.

एक उदाहरण घेऊ. समजा, छायाचित्रकाराचा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे चित्र 6000 × 4000 पिक्सेलचे. ते 36 × 24 इंचांवर छापायचे आहे. एका इंचात सुमारे 167 पिक्सेल येतात आणि एक पिक्सेल कागदावर सुमारे 0.15 मिलिमीटरचा होतो. डोंगराच्या कडेला शार्पनिंगने दोन पिक्सेलची रेघ उमटली असेल, तर ती पोस्टरवर 0.3 मिलिमीटरची दिसेल. निरोगी डोळा साधारण एका कोनीय मिनिटापर्यंतचा तपशील ओळखतो. एक फुटावरून पाहताना हे माप 0.09 मिलिमीटर भरते आणि एक मीटरवरून 0.29 मिलिमीटर. म्हणजे तीच रेघ एका मीटरवरून जेमतेम जाणवते आणि चित्र नुसते रेखीव वाटते. नाक लावून पाहिले तर मात्र रतनगडाच्या माथ्याभोवती कुणी खडूने गिरवल्यासारखे दिसते. तीन फुटी पोस्टरचा कर्ण साडेतीन फुटांहून थोडा जास्त. सामान्य माणूस तेवढ्याच अंतरावर उभा राहतो. जाणकार मात्र जवळ जातोच. आपण यातल्या कुणासाठी छापतो आहोत, याचे उत्तर फाइलमध्ये सापडत नाही.

आता प्रेसची बाजू. ऑपरेटरचे म्हणणे असे, की कागद, शाई आणि यंत्र यांची ओळख त्याला आहे, छायाचित्रकाराला नाही. हे खरे आहे. मॅट कागद शाई पितो, थेंब पसरतो आणि कडा मऊ पडतात, म्हणून त्याला जास्त धार लागते. ग्लॉसी कागदावर थेंब जागीच बसतो आणि तेवढीच धार तिथे बोचते. शिवाय यंत्राला आपला स्वतःचा पिक्सेलहिशेब असतो. मोठ्या इंकजेट यंत्रांत काही 360 च्या पटीत चालतात, काही 300 च्या. फाइल त्या आकड्याला जुळली नाही तर यंत्राचे सॉफ्टवेअर ती स्वतःच वाढवते किंवा घटवते. तेव्हा छायाचित्रकाराने घरी मन लावून घातलेली कड पुन्हा एकदा मऊ होते. अशा वेळी शेवटचा हात यंत्राजवळच्या माणसाने फिरवावा, हा आग्रह अनाठायी म्हणता येणार नाही.

दुसरीकडे, प्रेसच्या रोजच्या कामाचे स्वरूपही पाहायला हवे. नगर, संगमनेर किंवा श्रीरामपूरच्या फ्लेक्सवाल्याकडे दिवसभर येणारी कामे म्हणजे वाढदिवसाचे फलक, दशक्रियेचे फोटो, दुकानांच्या पाट्या. त्यातली कितीतरी छायाचित्रे व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेली, म्हणजे आधीच दाबली गेलेली असतात. त्यांना थोडी चमक यावी म्हणून ऑपरेटर हात बसल्यासारखा सगळ्याच फाइलींना शार्प लावतो. त्या कामांसाठी ही सवय उपयोगाची आहे आणि गिऱ्हाइकाची तक्रारही येत नाही. पण छायाचित्रकाराने आधीच धार लावलेली फाइल त्या रांगेत आली की तिच्यावर दुसऱ्यांदा तोच संस्कार होतो. काजव्यांच्या पोस्टरांत दिसणारा सर्वांत नेहमीचा दोष हाच. पानांच्या कडा सॅंडपेपरसारख्या खरखरीत दिसतात, आकाशाला दाणे फुटतात आणि डोंगराला पांढरी किनार येते. चूक एकाची नसते. दोघांनीही आपापले काम केलेले असते, फक्त एकमेकांना सांगितलेले नसते.

मात्र एरवीच्या छायाचित्रापेक्षा काजव्यांच्या कॉम्पोझिटमध्ये आणखी एक अडचण आहे, आणि आमच्या मते निर्णय त्या अडचणीवर व्हायला हवा.

फ्रेम एकावर एक रचताना लायटन हा मोड वापरतात. प्रत्येक जागी सगळ्या फ्रेमपैकी जो पिक्सेल सर्वांत उजळ असेल तो वर येतो. काजव्यासाठी हे उत्तम आहे, कारण एका फ्रेममध्ये इथे चमकलेला किडा आणि दुसऱ्या फ्रेममध्ये तिथे चमकलेला किडा, दोघेही शेवटच्या चित्रात टिकतात. पण अंधाराच्या बाबतीत हाच नियम उलटा फिरतो. रात्रीच्या वाढवलेल्या आयएसओमुळे प्रत्येक फ्रेमच्या काळ्या भागात बारीक नॉइज असतो. कुठे थोडा उजळ दाणा, कुठे थोडा गडद. चाळीस फ्रेम रचल्या की प्रत्येक जागी चाळिसांतला सर्वांत उजळ दाणा निवडला जातो. सरासरी काढली असती तर नॉइज कमी झाला असता. इथे तो गोळा होतो. झाडांमधला काळोख राखाडी पडतो आणि रवाळ दिसू लागतो. त्यातच सेन्सर तापल्यावर काही पिक्सेल कायमचे पेटल्यासारखे होतात, लाल, निळे किंवा हिरवे. प्रत्येक फ्रेममध्ये ते त्याच जागी असतात. लायटन त्यांनाही आदराने वर आणतो.

आता या चित्राला शार्पनिंग लावा. साधनाला काजवा आणि तापलेला पिक्सेल यांतला फरक कळत नाही. काळ्यावर उजळ ठिपका दिसला की ते दोघांनाही सारखाच उठाव देते. पडद्यावर पूर्ण चित्र पाहताना हे लक्षात येत नाही, उलट काजवे वाढल्यासारखे वाटून बरेच वाटते. तीन फुटी पोस्टरवर मात्र आकाशात, पाण्यात, देवळाच्या दगडी भिंतीवर ठिपके दिसू लागतात. काजवे बसतात झाडांवर आणि उडतात झाडांच्या आसपास. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या शिखराच्या दगडात विखुरलेले लाल ठिपके दिसत असतील तर ते काजवे नव्हेत, एवढे कुणीही सांगेल.

फरक ओळखायचा कसा? चमक काही पिक्सेलवर पसरलेली असते, तिची कड मऊ असते आणि रंग पिवळसर हिरवा असतो. तापलेला पिक्सेल एकटा, टोकदार आणि बहुधा भलत्याच रंगाचा असतो. पण खात्रीची खूण एकच. तो प्रत्येक फ्रेममध्ये अगदी त्याच जागी असतो, काजवा तसा नसतो. ही खूण लेयर वेगवेगळे असतात तोवरच तपासता येते. चित्र सपाट करून एकाच थराची फाइल प्रेसला गेली की ती माहिती कायमची गेली. त्यानंतर ऑपरेटर कितीही अनुभवी असो, त्याच्यासमोर फक्त ठिपके उरतात.

म्हणून आमचा कल छायाचित्रकाराच्या बाजूला आहे, निदान जवळून पाहिल्या जाणाऱ्या पोस्टरपुरता. शार्पनिंग कुणाला जास्त चांगले येते, हा आमच्या लेखी दुय्यम प्रश्न आहे. कोणत्या ठिपक्याला धार लावायची आणि कोणत्याला नाही, हे ज्याला माहीत आहे त्याने ती लावावी. मात्र हा अधिकार घेणाऱ्याने त्याबरोबर येणारे कामही घेतले पाहिजे, आणि ते थोडे नाही.

पहिले काम रचण्याआधीचे. काजव्यांच्या प्रत्येक फ्रेममध्ये काळा बिंदू इतका वर ओढायचा की काळोखातला नॉइज पूर्ण काळा होऊन फक्त चमका शिल्लक राहतील. मग लायटन गोळा करील तो काजवेच. तापलेल्या पिक्सेलसाठी लेन्सवर टोपी ठेवून तेवढ्याच वेळाच्या चार-दोन काळ्या फ्रेम त्याच रात्री घ्याव्यात आणि नंतर त्या वजा कराव्यात. कॅमेऱ्यातली लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन ही सोय हेच काम करते, पण ती प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ घेते आणि मधल्या अर्ध्या मिनिटातले काजवे हुकतात. म्हणून रचण्याच्या कामात ती बंद ठेवलेली बरी.

पाया म्हणून घेतलेली फ्रेम सहसा सांजवेळची असते. आयएसओ कमी, छिद्र बारीक, झाडे आणि डोंगर रेखीव. काजव्यांच्या फ्रेम मोठ्या छिद्रावर, वाढीव आयएसओवर घेतलेल्या असतात. दोन्हींची मूळची धार वेगळी असते. यावर एक मत असे, की प्रत्येक लेयरला रॉ फाइल उघडतानाच हलकी, वेगवेगळी धार देऊन त्या एका पातळीवर आणाव्यात. फोटोशॉपच्या शार्पनिंगवर पुस्तक लिहिणारे ब्रूस फ्रेझर यांनी टप्प्याटप्प्याने धार देण्याची ही पद्धत रुजवली. टिपतानाची, मग चित्रातल्या निवडक भागांची, आणि शेवटी छपाईच्या मापाची. दुसरे मत असे, की धार तीनदा लावली की दोषही तीनदा साठतात, म्हणून मूळ फाइल कोरी ठेवून एकदाच, शेवटी लावावी. दुसऱ्या मतात शिस्त आहे आणि एका क्लिकच्या चित्राला ते बहुधा पुरते. कॉम्पोझिटमध्ये मात्र दोन वेगळ्या धारेचे थर एकाच शेवटच्या शार्पनिंगखाली आले की आधीच रेखीव असलेला पाया करकरीत होतो आणि काजव्यांचा थर मऊच राहतो. इथे आम्ही पहिल्या मताकडे झुकतो, पण पहिला टप्पा खरोखर हलका हवा या अटीवर. त्यातून धार दिसू नये, थर फक्त एकमेकांना जुळावेत.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. लेयर असलेली मूळ फाइल तिच्या मूळ आकारात जपून ठेवावी. तिची प्रत काढून सपाट करावी, 36 × 24 इंचांसाठी 300 च्या हिशेबाने ती 10800 × 7200 पिक्सेलपर्यंत वाढवावी, आणि वाढवल्यानंतरच छपाईची धार लावावी. आधी धार आणि मग वाढ असे केले की आधीची पांढरी रेघसुद्धा 1.8 पट रुंद होते. 300 वर साधारण दीड पिक्सेलची त्रिज्या म्हणजे कागदावर 0.13 मिलिमीटर. जवळून पाहणाऱ्यालाही ती खुपत नाही. काजव्यांच्या थरावरून तयार केलेला मास्क इथे कामी येतो. चमकांना शार्पनिंगमधून वगळावे. त्या आधीच उजळ असतात. आणखी उजळल्या की पांढऱ्या पडतात आणि पिवळा-हिरवा रंग, ज्यासाठी सगळी रात्र जागलो, तोच जातो. याच कारणाने धार फक्त उजेडावर लावावी, रंगावर नाही, आणि पांढऱ्या बाजूची रेघ काळ्या बाजूच्या निम्म्याहून कमी ठेवावी. रात्रीच्या चित्रात काळी रेघ लपते, पांढरी ओरडते.

शेवटी सगळ्या चित्रावर एकसारखा बारीक दाणा टाकावा की नाही, यावर मतभेद आहेत. इतका खटाटोप करून नॉइज काढायचा आणि पुन्हा तोच घालायचा, हे अनेकांना विचित्र वाटते आणि त्यांचे चुकत नाही. पण वाढवलेल्या चित्रात सांजवेळचा भाग गुळगुळीत आणि रात्रीचा भाग रवाळ राहिला, तर मास्कची कड कुठे संपते ते जवळून ओळखू येते. एकसारखा दाणा ती शिवण झाकतो. आम्ही तो टाकावा म्हणू, पण धार लावून झाल्यावर. आधी टाकला तर शार्पनिंग त्यालाच उचलून धरते.

इथवर छायाचित्रकाराच्या पारड्यात वजन टाकले. आता बारा फुटी फ्लेक्सकडे वळू, कारण तिथे हिशेब फिरतो.

तेच 6000 × 4000 चे चित्र 12 × 8 फुटांवर पसरले की एक पिक्सेल 0.6 मिलिमीटरचा होतो. आकडा ऐकून छायाचित्रकार घाबरतो आणि फाइल वाढवायला बसतो. पण हा फ्लेक्स रस्त्यावरून, दहा मीटरवरून पाहायचा आहे. तेवढ्या अंतरावर डोळ्याला 2.9 मिलिमीटरपेक्षा बारीक काही वेगळे करता येत नाही. म्हणजे जवळजवळ पाच पिक्सेल एकत्रच दिसणार. फाइल वाढवायची गरज नाही. उलट गरज आहे ती पोस्टरवर भयानक वाटेल इतक्या रुंद धारेची. पाचेक पिक्सेलची त्रिज्या पडद्यावर लावून पाहिली तर चित्र कोरल्यासारखे दिसते आणि छायाचित्रकाराचा हात मागे येतो. दहा मीटरवरून मात्र तेवढीच धार डोळ्याला नेमकी वाटते. हे ऑपरेटरला अनुभवाने माहीत असते. त्याने असे शेकडो फलक रस्त्यावर उभे राहिलेले पाहिले आहेत, छायाचित्रकाराने मोजके. कापडाचा पोतही त्यालाच ठाऊक. फ्लेक्सवरचा काळा कागदावरच्या काळ्याइतका गडद उतरत नाही, दुधाळ पडतो, आणि काजव्यांचा तो हिरवा शाईच्या आवाक्याबाहेर जातो.

तिथे आणखी एक गोष्ट शार्पनिंगच्या हाताबाहेरची आहे. मूळ चित्रात चार पिक्सेलचा असलेला काजवा फ्लेक्सवर अडीच मिलिमीटरचाही होत नाही. दहा मीटरवरून तो स्वतंत्र ठिपका म्हणून भरत नाही, दुधाळ काळ्यावर विरून जातो. त्याला कितीही धार लावा, उपयोग नाही. तो मोठाच करावा लागतो. काजव्यांचा थर वेगळा असेल तर चमकांचा आकार दुप्पट-तिप्पट वाढवून त्यांना मऊ वलय देता येते. हे काम पुन्हा लेयरवाल्याचे. मात्र किती वाढवायचे, हे ऑपरेटरला विचारून ठरवावे. काही छायाचित्रकारांना ही ढवळाढवळ वाटते. त्यांची शंका रास्त आहे, कारण काजवे फुगवता-फुगवता चित्र कुठे जाहिरात होते ते कळत नाही. मुळात चाळीस फ्रेममधले काजवे एका चित्रात आणल्याने रतनवाडीत एका नजरेत दिसतात त्याहून कितीतरी जास्त काजवे पोस्टरवर असतात, आणि ते पाहून आलेला पर्यटक अंधारात उभा राहून निराश होतो. फ्लेक्सच्या कोपऱ्यात ‘अनेक छायाचित्रे एकत्र करून’ एवढे चार शब्द छापले, तर आकार वाढवण्याला आमचा आक्षेप नाही.

तेव्हा जवळच्या पोस्टरची धार छायाचित्रकाराने लावावी आणि दूरच्या फ्लेक्सची ऑपरेटरने, असा आमचा झुकाव. दोन्ही ठिकाणी अट एकच. धार लावली आहे की नाही, हे फाइलच्या नावातच लिहावे. उदाहरणार्थ `kajwa_36x24in_300ppi_sharp.tif` किंवा `kajwa_12x8ft_nosharp.tif`. पहिली फाइल आली की प्रेसने आपल्या सॉफ्टवेअरमधले शार्पनिंग बंद करावे, आकार बदलू नये. फाइल फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर द्यावी, नाहीतर वरचा सगळा हिशेब पाठवण्यातच वाया जातो.

या वाटणीवरही कुणाचे समाधान होणार नाही, हे आम्ही जाणतो. काही जुने प्रेसवाले इतके कसलेले आहेत की छायाचित्रकाराने त्यांच्यावर सोपवणेच शहाणपणाचे. काही छायाचित्रकार स्वतःच छापतात, त्यांच्यापुरता वादच नाही. पण कुणाचेही ऐकण्याआधी एक गोष्ट दोघांनी मिळून करता येते. पूर्ण पोस्टर छापण्याआधी त्याच कागदावर, त्याच यंत्रावर, खऱ्या मापातली एक ए4 पट्टी काढावी. तिच्यात डोंगर आणि आकाश यांची कड, एक झाडाचे खोड, काजव्यांचा थवा आणि मोकळे आकाश असे चार तुकडे यावेत, आणि प्रत्येक तुकडा कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन धारांत छापलेला असावा. ती पट्टी भिंतीला टोचून, पोस्टर जितक्या अंतरावरून पाहिले जाणार तितक्यावर उभे राहून पाहावी. मग पुढे होऊन नाक लावूनही पाहावी. पडद्यावर 100 टक्के झूम करून पाहणे हा याला पर्याय नाही. नेहमीच्या, इंचाला शंभरेक पिक्सेल असलेल्या पडद्यावर 300 ची फाइल कागदावर दिसेल तेवढीच दिसायला झूम 33 टक्क्यांवर आणावा लागतो. आणि तरीही पडदा उजेड टाकतो, कागद उजेड परत देतो.

पट्टीला वेळ लागतो, थोडे पैसेही लागतात. मोसम तोंडावर आलेला असताना हॉटेलवाल्याला पोस्टर उद्याच हवे असते आणि प्रेसला पुढचे काम ओढत असते. त्यामुळे ती पट्टी सहसा निघतच नाही. छायाचित्रकार म्हणतो खर्च प्रेसने करावा, प्रेसवाला म्हणतो फाइल तुमची. आमचे मत असे, की पट्टीचा खर्च पोस्टर मागवणाऱ्याच्या बिलात पहिल्या ओळीवर यावा आणि त्याने ती पट्टी पाहून होकार दिल्याशिवाय मोठी छपाई सुरू करू नये.